महानंदा अक्कांची हिरवी अळी

महानंदा अळीला घाबरते, हे मला अकरा वर्षांत कधी कळलं नव्हतं. बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर लहान मुलांची शाळा भरते. मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो. महानंदा त्या शाळेत आया. सकाळी साडेसातला येऊन खोल्या झाडायची, मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायची, चड्ड्या बदलायची. मुलं तिला अक्का म्हणतात. मला ती अण्णा म्हणते. मी सरकारी कारखान्यात नकाशे काढायचो, आता काहीच करत नाही. लिहायची तर मला सवय नाहीच. हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण या प्रकरणात चुकीचा सल्ला माझा होता, म्हणून ते मीच सांगितलं पाहिजे.

महानंदा निपाणीची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. लग्नाआधी तिने बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्याचं प्रमाणपत्र तिच्या पेटीत आहे, ते मी एकदाच पाहिलं. बेंगळुरूला आल्यावर त्याबद्दल तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही.

शाळेच्या शिक्षिका शमिका. पुण्याकडची, तरुण, भराभर बोलणारी. ऑगस्टच्या सुरुवातीला तिने माझ्या कढीपत्त्याच्या झाडावरून एक पान तोडून नेलं. त्यावर साबुदाण्यापेक्षाही बारीक, पिवळसर मोती होता. फुलपाखराचं अंडं. ते तिने प्लॅस्टिकच्या मोठ्या बरणीत ठेवलं, तोंडाला मलमलीचं कापड आणि रबर लावलं, आणि बरणी वर्गातल्या बुटक्या लाकडी टेबलावर ठेवली. शेजारी एक मोठी वही. रोज सकाळी मुलांनी बरणीत बघायचं, जे दिसेल ते काढायचं, आणि जे बोलतील ते मोठ्यांनी खाली लिहायचं. त्यानंतर खेळ. अंडं झालं की गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हायचं. अळी झाली की सरपटायचं. कात टाकायची वेळ आली की डोक्यावरून स्वेटर ओढून काढायचा. कोष म्हणजे एकदम गप्प. मग पंख हळूहळू उघडायचे, आणि उडायच्या आधी ते वाळू द्यायचे.

चौथ्या दिवशी अंड्यातून अळी निघाली आणि तिने पहिल्यांदा स्वतःच्याच अंड्याचं टरफल खाल्लं. यशोवर्धन नावाचा एक अखंड हलणारा मुलगा आहे, त्याने दोन दिवस घरी जेवताना ताट खायचा प्रयत्न केला.

बाराव्या दिवशी शमिकाची स्कूटर घसरली. पायाला प्लास्टर लागलं. शाळेच्या मालकीण हेमलता मॅडम दुसऱ्या शाळेच्या कामात असतात, त्यांना लगेच कोणी मिळेना. त्यांनी महानंदाला बोलावून सांगितलं, "महिनाअखेरच्या शनिवारी पालक वही बघायला येणार आहेत. तोपर्यंत वर्ग तुम्ही सांभाळा. नीट झालं तर पुढचं बघू."

त्या दुपारी महानंदा जिना चढून माझ्याकडे आली. चेहरा पांढरा पडला होता.

"अण्णा, मला जमंल का वो?"

"मुलं तर तुझ्याच अंगाखांद्यावर असतात."

"पोरांचं न्हाई वो. त्या अळीचं." ती खुर्चीत न बसता उभीच होती. "आमच्या परड्यात शेवगा होता. त्याच्यावर घुले व्हायचे, केसाळ अळ्या. सात वर्षांची असताना एक मानेवर पडला. आठ दिवस अंग सुजलं होतं माझं. अजून झाडाखालनं जाताना मी पदर डोक्यावर घेते. आणि आता रोज तिचं पान बदलायचं?"

मी तिला सांगितलं, की ही बिनकेसाची आहे, खाज येत नाही. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पान बदलताना तिचा हात बरणीत थरथरला आणि अळीला लागला. अळीने डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर काढली. उग्र वास सुटला. मुलं किंचाळली, महानंदाही किंचाळली. मग भूमिका नावाची साडेचार वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "अक्का, ती पण घाबरली."

हे मला महानंदानेच सांगितलं. वहीत त्या दिवशी तिने लिहिलं : अळी घाबरली की शिंगं काढते. अक्का घाबरली की ओरडते. मॅडमना वही इंग्रजीतही हवी होती, म्हणून रोज दुपारी ती वही घेऊन वर यायची आणि तिच्या मराठी ओळीखाली इंग्रजी ओळ मी लिहायचो. त्या दिवसापासून माझा या गोष्टीशी संबंध आला.

महानंदा घाबरत घाबरत बघायची, आणि घाबरलेला माणूस फार बारकाईने बघतो. आठवड्यात तिने असं काही पाहिलं जे शमिकाने पाहिलं नव्हतं. शमिकाने मुलांना सरपटताना कंबर कमानीसारखी वर उचलायला शिकवली होती. महानंदा म्हणाली, "ही कंबर उचलत न्हाई वो. हिच्या अंगात मागनं लाट उठते आणि पुढं येते. पुढचे सहा पाय बारीक, मागचे जाडजूड. मागचे सोडते, पुढं घेते." मग ती मुलांसमोर सतरंजीवर पालथी पडली आणि ती लाट करून दाखवली. मी खिडकीतून पाहिलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, साडीत. मुलं हसली नाहीत. ती तिच्या मागे एका रांगेत पालथी पडली.

सतराव्या दिवशी अळीने चौथ्यांदा कात टाकली. आतापर्यंत ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी होती, काळपट-तपकिरी, त्यावर पांढरे डाग. आता एकदम हिरवी निघाली. मुलांचे हिरवे खडू त्या आठवड्यात संपले. महानंदाने स्वतः जाऊन नवे आणले. त्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

विसाव्या दिवशी, गुरुवारी, अळीने पानाला तोंड लावलं नाही. बरणीच्या तळाला पातळ, हिरवट पाण्यासारखं काहीतरी झालं होतं. आणि अळी थांबतच नव्हती. बरणीच्या आत गोल गोल फिरत होती, वर चढत होती, कापडाला धडकून खाली येत होती. यशोवर्धनने वहीत नुसती वर्तुळं काढली, एकात एक, पान भरेपर्यंत.

महानंदा वही घेऊन वर आली. "जुलाब झालेत तिला. तडफडते. पालक यायला नऊ दिवस राहिलेत आणि माझ्या हातानं मरणार बघा."

"पान कुठलं दिलंस? दुकानातलं तर नाही?"

"न्हाई वो. तुमच्याच झाडाचं, धुऊन पुसून."

मला अळ्यांमधलं काही कळत नाही. मी तसं म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, बंद बरणीत गुदमरत असेल. निपाणी काय आणि आमचा कोकण काय, आजाऱ्याच्या खोलीची खिडकी आधी उघडतात. महानंदाने खाली जाऊन रबर काढलं, कापड एका बाजूने दुमडलं, आणि घरी गेली.

शुक्रवारी सकाळी बरणी रिकामी होती.

पावणेआठला ती जिना चढून आली. श्वास लागला होता. "गेली वो अण्णा. गेली." आम्ही दोघांनी वर्ग शोधला. कपाटामागे, चपलांच्या मांडणीत, पडद्याच्या चुण्यांत. ऋतूंच्या तक्त्यामागून एक पाल निघाली आणि आमच्याकडे बघत भिंतीवर थांबली. महानंदाने तोंडावर हात घेतला.

"हिनंच खाल्ली."

सव्वाआठ वाजले होते. साडेआठला मुलं येणार. तिचा फोन वाजला, हेमलता मॅडमचा. त्या रोज अळीचं विचारायच्या. महानंदाने फोन कानाला लावला आणि मी तिचे शब्द ऐकले : "हो मॅडम. बरी हाय. हो." बोलणं संपल्यावर फोन तिने माझ्याकडेच दिला.

"मी खोटं का बोलले वो? आता काय करू?"

आणि इथे मी तो सल्ला दिला. माझ्या झाडावर आणखी अळ्या होत्या. त्यातली एक आणून बरणीत ठेवू, म्हणालो. मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतंय. मी स्वतः जाऊन फांदी तोडली. हिरवी अळी सापडली नाही. जी सापडली ती काळपट-तपकिरी होती, पांढऱ्या डागांची, अजून चौथी कात न टाकलेली.

साडेआठला मुलं आली. बरणीभोवती बसली. मी दाराबाहेर उभा होतो.

भूमिका बरणीत बघून म्हणाली, "ही आपली नाही."

"आपलीच," महानंदा म्हणाली.

"आपली हिरवी होती. वहीत बघ." तिने वही उघडली. चार दिवसांची पानं, सगळी हिरवी. चार-साडेचार वर्षांची तेरा मुलं, आणि प्रत्येकाने आपल्या हाताने काढलेला हिरवा.

"ही मागे गेली," यशोवर्धन म्हणाला. "उलटी."

महानंदाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तिने मुलांना सांगितलं, "ती आजारी पडली होती ना काल. आजारी पडलं की लहान होतं कोणी कोणी."

मुलं कानडी, इंग्रजी, मराठी एकत्र करून बोलतात, मी सगळं मराठीतच लिहितोय. पण त्या वाक्यानंतर कोणीच कुठल्याच भाषेत काही बोललं नाही. श्रीवत्स नावाचा एक हडकुळा मुलगा आहे, त्याला दोन दिवस सर्दी होती. त्याने नाक पुसलं आणि हात पाठीमागे लपवला. त्या दिवशी तो खेळात सरपटला नाही. भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला.

रविवारी सकाळी महानंदा माझ्या दारात होती. सुट्टीच्या दिवशी ती कधीच येत नाही.

"श्रीवत्सच्या आईचा फोन आला. त्याला ताप आलाय. आणि तो दर अर्ध्या तासानं फ्रिजला टेकून उभा राहतोय. आईला म्हणतोय, बघ, मी लहान झालो का. झोपायला तयार न्हाई. झोपलो की लहान होईन म्हणतो." ती खाली पायरीवर बसली. "आई म्हणाल्या, आयाला वर्ग दिला की असंच होणार. उद्या मॅडमना भेटायला येणार हायत."

मी तिला पाणी दिलं. ते तिने हातात धरलं, प्यायली नाही.

"माझा वर्ग जाईल अण्णा. जाऊ दे. झाडू हातात परत येईल, त्याची मला लाज न्हाई. पण ते पोरगं फ्रिजला टेकून उभं हाय. शेवग्याखालनं मी अजून पदर घेऊन जाते. हे पोरगं किती वर्षं ताठ उभं राहील?"

मी म्हणालो, सल्ला माझा होता, मी मॅडमना सांगतो.

"मॅडमना नंतर. आधी पोरांना." तिने पाणी पायरीवर ठेवलं. "आणि वहीत लिहायचं. वहीत शुक्रवारचं पान मी कोरंच ठेवलंय. खोटं बोलले, पण लिहायला हात उचलला न्हाई."

सोमवारी मी खाली गेलो. तिने सांगितलं होतं म्हणून, नाहीतर मी गेलो नसतो. श्रीवत्स आला, ताप उतरला होता. आई त्याच्याबरोबर होती. ती दारातच थांबली, कारण हेमलता मॅडमची गाडी त्याच वेळी फाटकाशी लागली. त्या दोघी दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, महानंदा आता थांबेल. त्यांना बघून तिचा चेहरा राखेसारखा झाला. पण ती सतरंजीवर बसली आणि मुलांना जवळ बोलावलं.

"शुक्रवारी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली. ती खरी नव्हती."

"कुठली?" यशोवर्धन.

"आजारी पडलं की लहान होतं, ती. तसं होत न्हाई. ही अळी दुसरी हाय. आपली हिरवी बरणीतनं गेली. झाकण मी उघडं ठेवलं होतं."

"म्हणजे तू खोटं बोललीस?" भूमिका म्हणाली.

"हो."

"अक्का लोक पण बोलतात?"

"बोलतात. मी भ्याले होते."

श्रीवत्स पुढे सरकला. "मग मी लहान होणार नाही?"

"न्हाई."

"ताप आला तरी?"

"ताप येतो, ताप जातो. उंची कुठं जात न्हाई."

त्याने मागे वळून आईकडे बघितलं, जणू तिनेही सही करायला हवी. आईने मान हलवली. मग तो खाली बसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच पाठ वाकवून बसला असावा.

"ती हिरवी कुठे गेली?" कोणीतरी विचारलं.

"मला ठाऊक न्हाई."

"पालीने खाल्ली?"

"खाल्ली असंल. ठाऊक न्हाई."

एक मुलगी रडू लागली. मग दुसरी. मला वाटलं, आता सगळं हातातून गेलं. दारात मॅडमनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. महानंदाच्या कपाळावर घाम होता. तिने वही ओढली आणि गुरुवारचं पान उघडलं. यशोवर्धनची वर्तुळं.

"बघा, शेवटच्या दिवशी ती काय करत होती?"

"गोल गोल फिरत होती."

"खात नव्हती."

"शी पातळ झाली होती," यशोवर्धन आनंदाने म्हणाला.

"हां. आता आपण ती होऊ. सगळे बरणीत या." तिने टेबलाभोवती सतरंजीवर मुलांना गोल बसवलं. "खायचं न्हाई. थांबायचं न्हाई. फिरायचं. मागनं लाट पुढं आणायची." तेरा अळ्या टेबलाभोवती फिरू लागल्या. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "आता कापड उघडं हाय. जा. जिथं बरं वाटंल तिथं जा, आणि थांबा."

मुलं पांगली. रडणाऱ्या दोघीही सरपटत निघाल्या. कोणी पडद्यामागे गेलं, कोणी कपाटाच्या कोपऱ्यात. श्रीवत्स चपलांच्या मांडणीशी. पण बाकीची, पाच-सहा जणं, एकमेकांना ढकलत बुटक्या टेबलाखाली घुसली, कारण ते जवळ होतं आणि तिथे अंधार होता. महानंदा म्हणाली, "आता कोष. हलायचं न्हाई."

खोलीत एकदम शांतता झाली. रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज आला. यशोवर्धनला गप्प राहणं जमत नाही. तो पालथा राहायच्या ऐवजी उताणा झाला होता.

"अक्का," तो टेबलाखालून म्हणाला, "इथे एक पान उलटं चिकटलंय."

महानंदा हलली नाही. मग गुडघ्यांवर आली, पदर खोचला, आणि टेबलाखाली घुसली. तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

"अण्णा," ती आतून म्हणाली, "भिंग आणा."

मी भिंग आणलं. मी पण आत वाकलो, माझ्या गुडघ्यांनी आवाज केला. टेबलाच्या फळीच्या खालच्या अंगाला, कडेपासून चार बोटांवर, एक हिरवा कोष होता. शेपटीकडचं टोक फळीला चिकटलेलं, डोकं मोकळं आणि थोडं दूर झुकलेलं, आणि कमरेभोवती एक धागा, इतका बारीक की भिंगातूनच दिसला. त्याच्या शेपटीशी अळीची शेवटची कात अडकली होती, चुरगळलेली, मिरीएवढी. महानंदा रोज दोनदा त्या टेबलाखाली झाडते. झाडणारा खाली बघतो.

"ती आजारी नव्हती," महानंदा हळू म्हणाली. "तिला जागा हवी होती."

मुलं एकावर एक वाकली. "हात लावू?"

"अजिबात न्हाई. टेबल हलवायचं न्हाई."

"जिवंत आहे?"

मला वाटलं, ती हो म्हणेल. म्हणायला काय जातं. पण ती म्हणाली, "ठाऊक न्हाई. बघत राहू."

त्या दिवशी वहीत तिने शुक्रवारचं पान भरलं. तारीख शुक्रवारची, आणि खाली सोमवारी लिहिलं असंही लिहिलं. बरणी रिकामी होती. आम्ही दुसरी अळी ठेवली आणि मुलांना खोटं सांगितलं. मुलांनी वही बघून ओळखलं. मी इंग्रजी ओळ लिहायला पेन घेतलं आणि विचारलं, "'आम्ही' कशाला? त्यापेक्षा माझं नाव घाल."

"'आम्ही' असू दे. पोरांनी विचारलं तर सांगीन कोण ते."

दुसरी अळी मुलांनी मिरवणुकीने नेऊन झाडावर सोडली.

मॅडम त्या सोमवारी एवढंच म्हणाल्या, "शनिवारी बघू." त्यांच्या आवाजातून काहीच कळलं नाही. श्रीवत्सच्या आईशी त्या फाटकाजवळ पंधरा मिनिटं बोलत होत्या. काय बोलल्या ते महानंदाला कळलं नाही आणि विचारायचं धैर्य आम्हां दोघांतही नव्हतं.

तो आठवडा महानंदाने कसा काढला, मला माहीत आहे. ती पावणेसातलाच यायची. बॅटरी घेऊन टेबलाखाली झोपायची. पाल दिसली की झाडूने तिला दारापर्यंत हाकलायची. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाच्या प्रत्येक पायाभोवती हळद टाकली होती. बुधवारी तिला कोष थोडा काळसर वाटला आणि ती रडत वर आली. मी बॅटरी धरून पाहिलं, सावली होती. गुरुवारी तिने विचारलं, "कोष आतनं किडतो म्हणे कधीकधी. वरनं कळतच न्हाई. खरं का?" खरं होतं. मी पुस्तकात वाचलं होतं, अळी असतानाच काही बारीक माश्या तिच्यात अंडी घालतात. या वेळी मी सल्ला दिला नाही. खरं आहे, एवढंच म्हणालो.

शनिवारी पालक आले. कोणी ऑफिसच्या कपड्यांत, कोणी लॅपटॉपची बॅग खांद्याला. फुलपाखरू बघायला मिळेल असं त्यांना वाटलं होतं. महानंदा वर्गाच्या मधोमध उभी होती, इस्त्रीची साडी, हात एकमेकांत अडकवलेले.

"कोष टेबलाखाली हाय," ती म्हणाली. "टेबल हलवता येत न्हाई. तुम्हाला झोपून बघावं लागंल."

कोणी हसलं. कोणी घड्याळ पाहिलं. भूमिकाच्या वडिलांनी पँटकडे बघून विचारलं, "फोटो काढून आणला तर?"

"न्हाई, तुम्ही बघा की," महानंदा म्हणाली, आणि मग स्वतःच्या आवाजाने दचकली.

भूमिकाने वडिलांना हाताला धरून खाली बसवलं. "अप्पा, मागून लाट आण." ते सरपटले. त्यानंतर सगळे. एका वेळी दोघं जण टेबलाखाली, पाय बाहेर, बूट रांगेत. बाहेर आलेल्यांच्या पाठीवर सतरंजीच्या रेघा उमटल्या होत्या. श्रीवत्सची आई सगळ्यांत जास्त वेळ आत होती. तिथूनच तिने विचारलं, "याचं काही बिघडलंय का? हलत नाही."

"हलायचं नसतं," श्रीवत्स बाहेरून म्हणाला. "आई, तू पण हलू नको."

तोपर्यंत वही हातोहात फिरत होती. शुक्रवारच्या पानाशी प्रत्येक जण थांबायचा. मी ते लांबून बघत होतो. एक बाप ते पान वाचून महानंदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग त्याने पान उलटलं.

सगळे गेल्यावर हेमलता मॅडमनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, साडीचा पदर सावरला आणि टेबलाखाली गेल्या. त्यांना साठ पूर्ण होतील पुढच्या वर्षी. बराच वेळ त्या आत होत्या. महानंदा माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"महानंदा," मॅडम आतूनच म्हणाल्या, "सोमवारपासून झाडायला दुसरी बाई येईल."

महानंदाने भिंतीला हात टेकला. मीही.

"तिला सांगून ठेवा, या टेबलाखाली झाडू घालायचा नाही."

"मी सांगू?" महानंदाने विचारलं. "मी कुठं असेन मॅडम?"

मॅडम बाहेर आल्या. केस विस्कटले होते. "वर्गात. आणखी कुठे? शमिकाच्या पायाला अजून महिना आहे. ती आल्यावर तिच्याबरोबर."

महानंदा रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती खाली वाकली आणि टेबलाखाली बघितलं. सरळ झाली तेव्हाही चेहरा घाबरलेलाच होता.

"मॅडम, ह्यातनं काहीच निघालं न्हाई तर? आत मेलेलं असलं तर?"

मॅडम पर्समधून काढलेला चष्मा पुसत होत्या.

"तर तसं वहीत लिहा," त्या म्हणाल्या.